नेम धरणाऱ्या हाताला क्रिएटिन कितपत उपयोगी?

सातारा जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत दोन मोठे तिरंदाज दिले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्ह धनुष्य घेऊन टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरला. साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 साली बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुष्यावर जगज्जेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणले. या यशामुळे नेमबाजी आणि तिरंदाजीकडे वळणारी मुले सगळीकडे दिसू लागली आहेत. जांभूळ, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यातही त्यांचे पालक जिमवाल्याला विचारतात, 'याला क्रिएटिन सुरू करू का?' या तिघा खेळाडूंच्या आहाराशी इथे आपल्याला काही कर्तव्य नाही. त्यांच्या हातातल्या तीन हत्यारांशी मात्र आहे, कारण प्रश्नाचे उत्तर हत्यारागणिक बदलते. थोडक्यात सांगायचे तर क्रिएटिनने हात स्थिर होत नाही. त्याने ताकद थोडी वाढते, आणि ती लक्ष्यापर्यंत पोहोचते की नाही हे धनुष्य किंवा बंदूक तुमच्या एकूण ताकदीतला किती वाटा मागते यावर ठरते.

स्नायूला चालायला लागणारे इंधन म्हणजे एटीपी. त्याचा साठा फार लहान असतो आणि जोरदार हालचालीत तो दोन-तीन सेकंदांत संपू शकतो. तो लगोलग भरून काढायचे काम फॉस्फोक्रिएटिन करते. घरात गॅस संपल्यावर भरलेले दुसरे सिलिंडर हाताशी असावे, तसा हा साठा. रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतले की साधारण चार आठवड्यांत स्नायूतला साठा भरतो. मांस-मासे न खाणाऱ्यांचा मूळ साठा कमी असल्याने त्यांना फरक जास्त जाणवतो. पण हा साठा उपसला जातो तो धाव, उडी, वजन उचलणे अशा पूर्ण जोराच्या, काही सेकंदांच्या कामात. हलका ताण बराच वेळ धरून ठेवायचा असेल तर स्नायू प्राणवायूवर आपले भागवतो आणि दुसऱ्या सिलिंडरला हात लावायची वेळ सहसा येत नाही.

आता रायफलवाल्याकडे पाहा. उभ्या स्थितीत तो डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो, पाठ थोडी मागे झुकवतो आणि बंदुकीचे वजन हाडांच्या सांगाड्यावर सोडून देतो. कॅनव्हास आणि चामड्याचे ताठ जॅकेट उरलेला आधार देते. चांगला प्रशिक्षक पहिल्या महिन्यापासून शिकवतो तो स्नायू सैल सोडायला. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. समोरची साइट काळ्या गोलावरून सरकलेली असेल तर हाताने ओढून आणू नका, पाय हलवा. ज्या खेळात ताकद लावणे हीच चूक मानली जाते, तिथे ताकदीचे इंधन वाढवून फारसे हाती लागत नाही. पिस्तूलवाल्याचे तसेच. एअर पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलोचे. ते लांब केलेल्या हाताने धरायला खांदा लागतो हे खरे, पण सराव असलेल्या खांद्याच्या कमाल ताकदीपुढे ते ओझे किरकोळ आहे.

तरीही हात थरथरतो, आणि ती थरथर येते कुठून हे नीट पाहिले पाहिजे. मज्जातंतूंची स्वतःची लय असते, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. तिच्यावर हृदयाचा ठोका आणि श्वासाची चढउतार बसते, आणि सामन्याच्या दिवशी अॅड्रेनालिन या सगळ्याला फुगवते. यावर खरोखर चालणारी औषधे आहेत. बीटा ब्लॉकर हृदयाचा ठोका आणि थरथर दोन्ही कमी करतात, म्हणूनच नेमबाजी आणि तिरंदाजीत ते सामन्यात आणि सामन्याबाहेरही बंद आहेत. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा पिस्तूलबाज किम जोंग-सू प्रोप्रानोलोल घेतलेला सापडला आणि त्याची दोन्ही पदके गेली. क्रिएटिनवर बंदी नाही, पण ते ना ठोका उतरवते, ना अॅड्रेनालिन. थरथरीच्या उगमापाशी त्याचे काहीच काम नाही.

रिकर्व्ह तिरंदाजाचे गणित मात्र वेगळे, आणि माझ्या मते या विषयातला सगळा रस इथेच आहे. शेहेचाळीस पौंडांचे धनुष्य पूर्ण ताणले की बोटांवर जवळजवळ एकवीस किलोंचा ओढा येतो. क्लिकरचा 'टिक' ऐकू येईपर्यंत तो दोन-चार सेकंद धरायचा आणि त्या वेळात पाठीचे स्नायू आणखी तसूभर मागे न्यायचे. मानांकन फेरीत असे बहात्तर बाण, म्हणजे सगळा ओढा जोडला तर दीड टन. सरावात तर दिवसाला दोनशेच्या वर बाण सुटतात. स्नायू आपल्या कमाल ताकदीचा जितका मोठा वाटा लावतो तितका त्याचा जोर अधिक हेलकावतो, हे शरीरशास्त्रात पक्के ठरलेले आहे. म्हणून इथे ताकद अप्रत्यक्षपणे स्थैर्य देते. ताकद वाढली की तेच धनुष्य कमी वाटा मागते.

हे आकड्यांत मांडून पाहू. एखाद्या तिरंदाजाची कमाल ओढ साठ पौंडांची आहे असे धरू. शेहेचाळीस पौंडांचे धनुष्य त्याच्याकडून सत्त्याहत्तर टक्के जोर मागते. वजनी व्यायाम आणि क्रिएटिनवरच्या बावीस प्रयोगांचा एक आढावा 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या व्यायामाने ताकद सरासरी बारा टक्के वाढली आणि क्रिएटिनसह वीस टक्के. हे आकडे आपल्या तिरंदाजाला लावले तर केवळ व्यायामाने त्याची ओढ सदुसष्ट पौंडांवर जाते आणि धनुष्याचा वाटा सत्त्याहत्तरवरून अडुसष्टावर येतो. क्रिएटिन जोडले तर ओढ बहात्तर होते आणि वाटा चौसष्टावर येतो. म्हणजे मोठी उडी व्यायामाने मारली, क्रिएटिनने वर चार टक्के घातले. तेही सढळ हाताने धरलेले, कारण ती सरासरी जिममध्ये वजन उचलण्यावरची आहे आणि आधीच कसलेल्या तिरंदाजाला एवढी वाढ मिळणार नाही. पण हे चार टक्के खोटे नाहीत. ज्याला चव्वेचाळीसवरून अठ्ठेचाळीस पौंडांवर जायचे आहे, वाऱ्यात बाण कमी वाहवावा म्हणून, त्याला ते उपयोगी पडतात.

कंपाउंडवाल्याला हा लाभ बराच कमी. त्या धनुष्याच्या दोन टोकांना फिरत्या चाकत्या असतात आणि पूर्ण ताणल्यावर त्या ओढ्याचा पासष्ट ते ऐंशी टक्के भाग स्वतःवर घेतात. साठ पौंड ही स्पर्धेतली कमाल मर्यादा, पण नेम धरताना हातावर उरतात बारा ते एकवीस पौंड. एकाच जिल्ह्यातल्या दोन तिरंदाजांना एकच सल्ला देता येत नाही तो यामुळे. गोल्फही असाच दुभंगलेला आहे. ड्राइव्ह हा स्फोटक फटका आहे आणि ताकदवान शरीराला तिथे अंतर मिळते. पटिंगला त्याचा उपयोग नाही. क्रिएटिनने ड्राइव्ह लांबल्याचा एक प्रयोग जाहिरातवाले पुढे करतात, पण त्या मिश्रणात कॉफीच्या फळाचा अर्क आणि इतरही घटक होते. श्रेय कोणाचे हे त्यावरून ठरत नाही.

यावर सर्वांत दमदार आक्षेप मेंदूचा आहे. नेम हे डोक्याचे काम, मेंदूही फॉस्फोक्रिएटिन वापरतो, मग एकाग्रता वाढायला नको का? 2011 च्या एका प्रयोगात कमी झोपलेल्या रग्बी खेळाडूंची पास देण्याची अचूकता घसरली, आणि आधी क्रिएटिनचा एक डोस दिल्यावर ती घसरण थांबली. निष्कर्ष मोलाचा आहे, पण त्याची अट विसरू नये. फायदा दिसला तो झोप मोडलेली असताना, आणि कॅफिननेही तेवढेच काम केले. पुरती झोप घेतलेल्या, चांगल्या सरावाच्या खेळाडूबद्दल हा प्रयोग फार काही सांगत नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये सगळा पुरावा तपासून, क्रिएटिनने आकलनशक्ती सुधारते हा दावा सिद्ध होत नाही असे मत दिले. रात्रभर रेल्वेने प्रवास करून सकाळी रेंजवर उभ्या राहणाऱ्या मुलाला खरी गरज एक दिवस आधी पोहोचण्याची आहे.

दुसरा आक्षेप असा की नुकसान तर नाही, मग घेऊन पाहायला काय हरकत? निरोगी प्रौढाच्या मूत्रपिंडाला या मात्रेने इजा होते असे दिसलेले नाही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगून ठेवावे. पण नेमाच्या खेळात नुकसान दुसऱ्या बाजूने येते. क्रिएटिन स्नायूत पाणी धरते आणि वजन एक-दोन किलोंनी वाढू शकते. धावपटूला ते खपून जाते. रायफलवाल्याचे मापात शिवलेले जॅकेट छातीवर आवळते, कोपराची कमरेवरची जागा सरकते, तोल नव्याने बसवावा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज वीस ग्रॅमचा मारा करण्याची जिमची पद्धत इथे चुकीची. रोज तीन ग्रॅम, आणि तेही स्पर्धा संपल्यानंतरच्या ताकद कमावण्याच्या महिन्यांत. निवड चाचणीला सहा आठवडे उरले असताना नव्याने सुरू करू नये. अठरा वर्षांखालच्या मुलांना, माझे स्पष्ट मत, देऊच नये. त्यांची ताकद वयाने आणि व्यायामाने वाढतेच आहे.

त्याहून मोठा धोका डब्याच्या लेबलवर असतो. 'प्री-वर्कआउट' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत क्रिएटिनबरोबर भरपूर कॅफिन असते. ते ठोका वाढवते, बोटे थरथरवते, आणि खेळाडू समजतो की आपले तंत्र बिघडले. घ्यायचेच तर नुसते मोनोहायड्रेट, तेही उत्तेजकांसाठी प्रत्येक बॅच तपासलेले. कारण पावडरीत बंदीचा पदार्थ मिसळलेला निघाला तरी नियमाने जबाबदारी खेळाडूचीच.

उपयोग होतो की नाही हे तिरंदाजाला स्वतः ताडता येते. सुरू करण्याआधी दोन आठवडे, बहात्तर बाणांच्या प्रत्येक फेरीत पहिल्या बारा आणि शेवटच्या बारा बाणांचा पसारा वेगवेगळा मोजावा आणि क्लिकर पडायला लागणारा वेळ कोणाकडून तरी नोंदवून घ्यावा. थकलेल्या पाठीचे पहिले लक्षण हेच असते, शेवटच्या बाणांना क्लिकर उशिरा पडतो आणि बाण खाली किंवा बाजूला पसरतात. दहा आठवड्यांच्या व्यायामानंतर त्याच धनुष्यावर तेच मोजावे. पहिल्या बारांत बदल नसून शेवटच्या बारांचा पसारा आवळला असेल तर ताकद लक्ष्यापर्यंत पोहोचली, मग त्यात व्यायामाचा वाटा मोठा का असेना. दोन्ही आकडे जागचे हलले नसतील तर डबा संपल्यावर नवा आणू नये. रायफल आणि पिस्तूलवाल्यांनी तो पहिला डबाही आणण्याची घाई करू नये. तेच पैसे जादा गोळ्या-छर्ऱ्यांवर खर्च झाले तर गुणफलकावर लवकर दिसतील.