व्हिडिओ सोडा, बाजूला बघा

सावेडीतल्या आमच्या घरच्या ग्रुपवर परवा काकांनी जुनाच व्हिडिओ टाकला: बाईकवरचे दोघं गल्लीतलं पोर उचलून नेतात. खाली लिहिलेलं, 'टोळी नगरमध्ये आलीय.'

व्हिडिओ खरा वाटतो का, हे बघत बसले नाही. एका फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर शोधला. कळलं, ही कराचीतली जनजागृतीची फिल्म. मूळ फिल्ममध्ये ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवटच कापलाय.

यालाच 'लॅटरल रीडिंग' म्हणतात. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांच्या अभ्यासात इतिहासाचे प्राध्यापकसुद्धा वेबसाइटच्या देखण्या रूपाला फसले. फॅक्ट-चेकर मात्र लगेच नवा टॅब उघडून इतर लोक त्या साइटबद्दल काय म्हणतात ते बघत होते.

शोधात काहीच सापडलं नाही, म्हणजे मेसेज खरा असं नाही. मग विचारायचं: कुठलं गाव, कुठली तारीख, कुठलं पोलीस ठाणं? उत्तर मिळेपर्यंत फॉरवर्ड नाही. 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं होतं.

काकांना मूळ फिल्मची लिंक पाठवली, पण ग्रुपवर नाही, खाजगीत. त्यांनी मेसेज स्वतःच डिलीट केला.