करप्रणाली बदलल्यावर पगार विभागाला लिहायचे पत्र

पगारावरचा प्राप्तिकर वर्षाच्या शेवटी एकदम भरायचा नसतो. तो दर महिन्याला कापून घेण्याची जबाबदारी कायद्याने नोकरी देणाऱ्यावर टाकली आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत लागू असलेल्या प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम १९२ नुसार कंपनी कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज बांधते, त्यावर किती कर होईल ते काढते आणि ती रक्कम महिन्यांवर विभागून पगारातून वळती करते. हा झाला टीडीएस. मात्र अंदाज बांधण्यापूर्वी एक गोष्ट ठरलेली असावी लागते, ती म्हणजे कर नव्या प्रणालीने मोजायचा की जुन्या. नव्या प्रणालीत दर कमी आहेत, पण बहुतेक वजावटी मिळत नाहीत. जुन्या प्रणालीत दर चढे आहेत. घरभाडे भत्ता, विमा, गृहकर्जाचे व्याज, भविष्य निर्वाह निधी यांची सवलत मात्र मिळते.

कर्मचाऱ्याने काहीच कळवले नाही, तर कंपनी नवी प्रणाली धरते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे: कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला पर्याय विचारायचा आणि उत्तर आले नाही तर नवी प्रणाली गृहीत धरायची. विचारणा सहसा एप्रिलमध्ये होते. पोर्टलवर एक खिडकी उघडते, आठ-दहा दिवसांत बंद होते आणि कामाच्या धांदलीत ती अनेकांच्या लक्षातही येत नाही. मग कधी तरी ऑगस्टमध्ये पगारपत्रक बारकाईने पाहिल्यावर कळते की कर भलत्याच हिशेबाने कापला जातो आहे. पत्र लिहायची वेळ येते ती तेव्हा.

आर्थिक वर्ष २०२५-२६ मधले एक उदाहरण घेऊ. मुंबईत नोकरी करणाऱ्या एका कर्मचारी महिलेचा वार्षिक पगार १५ लाख रुपये आहे. त्यात मूळ वेतन साडेसात लाख आणि घरभाडे भत्ता पावणेचार लाख. मुंबईत ती महिना ३०,००० रुपये भाडे भरते. नाशिकला तिने कर्ज काढून घर घेतले आहे; त्यात तिचे साठी ओलांडलेले आई-वडील राहतात. एप्रिलमध्ये पर्याय कळवायचा राहून गेला, म्हणून कंपनीने नव्या प्रणालीने हिशेब केला. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १४,२५,००० रुपये राहिले. त्यावर उपकरासह वर्षाचा कर होतो ९७,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ८,१२५.

जुन्या प्रणालीत हेच उत्पन्न बरेच खाली येते. सर्वांत मोठा वाटा घरभाड्याचा. वर्षाच्या भाड्यातून, म्हणजे ३,६०,००० रुपयांतून, मूळ वेतनाचा दहावा भाग वजा केला की २,८५,००० रुपये राहतात. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता आणि मुंबईसाठी ठरलेली मूळ वेतनाच्या निम्म्याची मर्यादा या दोन्हींपेक्षा ही रक्कम कमी आहे. तिघांतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त, असा नियम असल्याने सूट २,८५,००० रुपयांची. नाशिकच्या घराच्या कर्जावरचे व्याज दोन लाखांपर्यंत वजा होते. भविष्य निर्वाह निधीतले ९०,००० आणि कर्जाच्या मुद्दलाचे ६०,००० मिळून कलम ८०सीची दीड लाखाची मर्यादा पूर्ण भरते. स्वतःच्या आरोग्य विम्याचे २५,००० आणि आई-वडिलांच्या विम्याचे ५०,०००, राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतः भरलेले ५०,०००, जुन्या प्रणालीची ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि महाराष्ट्रातला २,५०० रुपयांचा व्यवसाय कर धरला, की एकूण वजावट ८,१२,५०० रुपयांवर जाते. करपात्र उत्पन्न उरते ६,८७,५०० रुपये आणि त्यावर उपकरासह कर ५२,००० रुपये. फरक ४५,५०० रुपयांचा.

हा फरक पत्र पाठवण्याजोगा आहे, पण प्रत्येकाच्या बाबतीत तसे नसते. याच कर्मचारी महिलेला भाडे नसते आणि गृहकर्जही नसते, तर जुनी प्रणाली तिला महागच पडली असती. म्हणून आधी स्वतः दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत आणि मगच पत्र लिहावे.

पत्र लांबलचक असण्याची गरज नाही. पगार विभागाला कारणमीमांसा नको असते. कोणते वर्ष, कोणती प्रणाली, आतापर्यंत किती कापले गेले आणि कोणत्या महिन्यापासून बदल हवा, एवढेच त्यांना हवे असते. सप्टेंबरच्या सुरुवातीला लिहिलेले पत्र साधारण असे असेल:

प्रति,
वेतन विभाग

विषय: आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी जुनी करप्रणाली लागू करून मासिक टीडीएसची फेरगणना करण्याबाबत.

महोदय,

करप्रणालीचा पर्याय एप्रिलमध्ये कळवायचा माझ्याकडून राहिला होता. त्यामुळे माझ्या पगारातून नव्या प्रणालीनुसार दरमहा ८,१२५ रुपये कर कापला जात आहे. या आर्थिक वर्षासाठी मी जुनी करप्रणाली निवडत आहे. एप्रिल ते ऑगस्टपर्यंत कापलेले ४०,६२५ रुपये हिशेबात धरून उरलेला कर सप्टेंबर ते मार्च या सात महिन्यांत समान भागांत कापावा, ही विनंती. वजावटींचा तपशील फॉर्म १२बीबीमध्ये सोबत जोडला आहे. फेरगणनेचा तक्ता मला पाठवावा. हा पर्याय केवळ टीडीएसपुरता असून विवरणपत्रात तो स्वतंत्रपणे नोंदवावा लागेल, याची मला कल्पना आहे.

आपली विश्वासू,
(नाव, कर्मचारी क्रमांक, पॅन)

यातले ‘कापलेले हिशेबात धरून’ हे शब्द शोभेसाठी नाहीत. कलम १९२(३) नुसार, आधी कर जास्त किंवा कमी कापला गेला असेल तर त्याच वर्षाच्या पुढच्या महिन्यांत कपात कमी-जास्त करून तो फरक भरून काढण्याची मुभा कंपनीला आहे. पत्राचा खरा आधार हाच. जुन्या प्रणालीच्या ५२,००० मधून ४०,६२५ गेले की ११,३७५ रुपये उरतात. सातांनी भागले की महिन्याला १,६२५ रुपये. म्हणजे सप्टेंबरपासून हातात येणारा पगार ६,५०० रुपयांनी वाढतो.

वेळेचे महत्त्वही याच आकड्यांत दिसते. हेच पत्र नोव्हेंबरमध्ये गेले असते, तर तोपर्यंत सात महिन्यांचे ५६,८७५ रुपये कापले गेले असते, म्हणजे जुन्या प्रणालीच्या पूर्ण वर्षाच्या करापेक्षाही जास्त. तेव्हा पगार विभाग फार तर मार्चपर्यंतची कपात शून्यावर आणू शकला असता. वरचे ४,८७५ रुपये कंपनी परत देत नाही, कारण ते सरकारजमा झालेले असतात. एखाद्या महिन्यात कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा लागतो. अशी रक्कम विवरणपत्र भरल्यावर परतावा म्हणूनच मिळते. पैसे बुडत नाहीत, पण वाट पाहावी लागते.

कंपनीने वर्षाच्या मध्ये हा बदल मान्य केलाच पाहिजे का? नवी प्रणाली ऐच्छिक होती तेव्हाच्या २०२० मधल्या परिपत्रकात, एकदा कळवलेला पर्याय त्या वर्षात बदलता येणार नाही असे म्हटले होते. २०२३ च्या परिपत्रकात ते वाक्य नाही. त्यामुळे काही कंपन्या वर्षातून एकदा बदल स्वीकारतात, काही खिडकी बंद झाल्यावर सरळ नकार देतात. हा नकार फार मनाला लावून घेऊ नये. कर कमी कापला गेला तर व्याजासह जबाब कंपनीला द्यावा लागतो, म्हणून पगार विभाग सावध असतो. शिवाय नकार मिळाला तरी कर्मचाऱ्याचा हक्क जात नाही. विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडून पूर्ण फरक परत मागता येतो.

पत्र मान्य झाल्यावर पुढचे पगारपत्रक मात्र लगेच पाहावे. चूक झाली असेल तर आयकराच्या रकान्यातला आकडाच ती सांगतो. १,६२५ दिसले तर सारे जागेवर आहे. ७,४२९ दिसले तर ५२,००० रुपये सातांनी भागले गेले आहेत आणि आधी कापलेले पैसे धरायचेच राहिले आहेत. २६,८४५ असा धडकी भरवणारा आकडा दिसला, तर प्रणाली बदलली पण फॉर्म १२बीबीतल्या वजावटी नोंदल्याच गेल्या नाहीत. भविष्य निर्वाह निधी, प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर कंपनीच्या नोंदीत आपोआप असतात, बाकी सारे कोरे. ही तिसरी चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. पर्याय एका पडद्यावर आणि वजावटी दुसऱ्या पडद्यावर भरायच्या असल्या की ती घडते.

फॉर्म १२बीबीत भाड्याची रक्कम, घरमालकाचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही. गृहकर्जासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेचा पॅन लागतो. सप्टेंबरमध्ये ही बहुतेक ठिकाणी नुसती घोषणा असते. पावत्या जानेवारीच्या सुमारास मागतात. आई-वडिलांच्या विम्याचा हप्ता रोखीने भरला असेल तर तो ग्राह्य धरला जात नाही. मग ५०,००० ची वजावट जाते आणि १०,४०० रुपयांचा जादा कर फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारांतून निघतो. म्हणून पत्र लिहितानाच पावत्या समोर घेऊन बसणे बरे.

कंपनीला पर्याय कळवणे म्हणजे कायद्याने पर्याय वापरणे नव्हे, हे २०२३ चे परिपत्रक स्पष्ट सांगते. नव्या प्रणालीतून बाहेर पडल्याची नोंद विवरणपत्रातच करावी लागते आणि ते विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. अशा पगारदारासाठी या वर्षाची मुदत ३१ जुलै २०२६ आहे. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर वेगळा फॉर्म लागत नाही. विवरणपत्रातल्या प्रश्नाला उत्तर दिले की पुरते, आणि ते दर वर्षी नव्याने देता येते. त्याआधी जूनमध्ये मिळणाऱ्या फॉर्म १६ मध्ये कंपनीने जुनी प्रणालीच दाखवली आहे ना, ते तपासावे.

मुदत चुकली तर नवी प्रणालीच लागू होते. कंपनीने ५२,००० कापले असले तरी कर ९७,५०० चा ठरतो. मग सप्टेंबरपासून महिन्याला ६,५०० रुपये जास्त मिळालेले ते सगळे ४५,५०० रुपये एकरकमी भरावे लागतात, त्यावर व्याज आणि उशिराचे पाच हजार वेगळे.