एकोणपन्नास म्हणजे किती?

पाणी तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत येतो तेव्हा त्यात एक आकडा असतो. समजा तो 49 आहे. शेजारी लिहिलेलं असतं, ‘कोलिफॉर्म, एमपीएन प्रति 100 मिलि’, आणि खाली शिक्का, ‘पिण्यास अयोग्य’. वाचणाऱ्याला वाटतं की प्रयोगशाळेत कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून 49 जंतू मोजले. प्रत्यक्षात एकही जंतू कुणी मोजलेला नसतो. एमपीएन म्हणजे ‘मोस्ट प्रॉबेबल नंबर’, सर्वांत संभाव्य संख्या. तो एक अंदाज आहे, पण फार हुशारीने बांधलेला.

आधी एक साधा प्रश्न. भीती टायफॉइडची, कॉलऱ्याची, काविळीची असते, मग शोध कोलिफॉर्मचा का? कारण रोगाचे जंतू पाण्यात आले तरी थोडे असतात, आज असतात आणि उद्या नसतात, आणि प्रत्येकासाठी निराळी चाचणी लागते. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात मात्र ई. कोलाय नावाचा जंतू कायम मुक्कामाला असतो, ग्रॅमभर विष्ठेत कोट्यवधींच्या संख्येने. तो सापडला की समजायचं, पाण्यात विष्ठा मिसळली आहे, म्हणजे मागोमाग रोगही येऊ शकतो. कोलिफॉर्म हे या जंतूचं मोठं कुटुंब. त्यातले काही मातीत आणि पालापाचोळ्यावरही राहतात, हे लक्षात ठेवायला हवं.

आता एक गाव डोळ्यांसमोर आणू. नाव देत नाही, कारण अशी गावं तालुक्यागणिक आहेत. नाल्याजवळची विहीर, उंचावर टाकी, तिथून वस्तीकडे जाणारी पाइपलाइन, आणि सकाळी तासभर येणारं पाणी. जून सरताना पहिला मोठा पाऊस झाला आणि टोकाच्या वस्तीत पोरांना जुलाब सुरू झाले. जलसुरक्षकाने तीन ठिकाणचे नमुने घेतले: विहीर, टाकीतून बाहेर पडणारं पाणी आणि वस्तीतला शेवटचा नळ.

चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, प्रयोगशाळेत पोचण्याआधी. बाटली निर्जंतुक करून दिलेली असते आणि तळाशी थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. एखादा स्वच्छताप्रिय माणूस ती पांढरी पूड पाहतो, कचरा समजून बाटली विसळतो आणि मग भरतो. ती पूड पाण्यातल्या क्लोरीनला जागच्या जागी निकामी करण्यासाठी घातलेली असते. ती गेली की क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि गावात नसलेली शुद्धता अहवालात उमटते. नळ लोखंडी असेल तर तोटी स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने भाजायची, प्लास्टिकची असेल तर स्पिरिटने पुसायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरायची. वर थोडी रिकामी जागा ठेवायची, नाहीतर नमुना हलवता येत नाही. विहिरीत दगड बांधलेली बाटली सोडायची. गावच्या बादलीने पाणी काढलं तर तपासणी बादलीची होते. मग बाटली बर्फाच्या डब्यात आणि डबा प्रयोगशाळेत, शक्यतो सहा तासांत. चोवीस तासांपलीकडे गेलेल्या नमुन्यावर भरवसा ठेवू नये.

प्रयोगशाळेत पंधरा परीक्षानळ्या वाट पाहत असतात. त्यांत मॅकॉन्कीचा जांभळा द्रव असतो. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज हे जंतूंचं खाद्य, पित्तक्षार हा पहारेकरी, कारण आतड्यात न राहणाऱ्या बऱ्याच जंतूंना तो सोसत नाही, आणि आम्ल झालं की पिवळा पडणारा एक रंग. प्रत्येक नळीत बोटाच्या पेराएवढी दुसरी नळी उलटी बुडवलेली असते. तिला डरहॅमची नळी म्हणतात. कोलिफॉर्म लॅक्टोज खातात तेव्हा आम्ल होतं आणि वायू सुटतो. वायू या उलट्या नळीत अडकून बुडबुडा दिसतो. नळ्या उबवणीत ठेवण्याआधी तिथे हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, हे एकेक नळी उजेडात धरून पाहावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर स्वच्छ पाणीही दोषी ठरतं.

पहिल्या पाच नळ्यांत नमुन्याचे दहा-दहा मिलिलिटर घालतात (यांतला द्रव दुप्पट तीव्रतेचा असतो, म्हणजे पाणी मिसळल्यावर बरोबर होतो). पुढच्या पाचांत एक-एक मिलिलिटर, शेवटच्या पाचांत दहावा हिस्सा. सगळ्या नळ्या 37 अंश सेल्सिअसला ठेवायच्या, चोवीस तासांनी बघायच्या, उरलेल्या अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा.

आपल्या शेवटच्या नळाच्या नमुन्यात मोठ्या मापाच्या पाचही नळ्या पिवळ्या झाल्या आणि त्यांत वायू आला. मधल्या पाचांपैकी दोन झाल्या. छोट्या मापाची एकही नाही. लिहायचं 5-2-0. तक्त्यात या तीन आकड्यांसमोर 49 छापलेलं आहे.

हे 49 कुठून आले ते तांदळात पाहू. पोत्यात खडे किती, हे सगळे तांदूळ न निवडता सांगायचंय. पाच वाट्या घेतल्या, प्रत्येकीत खडा. पाच चमचे घेतले, दोघांत खडा. पाच चिमटी घेतल्या, एकीतही नाही. खडे मोजले नाहीत, फक्त ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच पाहिलं, तरी पोत्याचा अंदाज आला. आता पाण्याकडे या. शंभर मिलिलिटरमध्ये 49 जंतू विखुरलेले असतील तर दहा मिलिलिटरमध्ये सरासरी पाच येतील, म्हणजे एकही न येणं फार दुर्मीळ. एक मिलिलिटरमध्ये सरासरी अर्धा. अर्धा जंतू नसतो, म्हणून काही नळ्यांत एखादा सापडणार आणि काही रिकाम्या जाणार. गणित सांगतं की पाचांपैकी दोनेक नळ्यांत तो सापडेल. आणि दहाव्या हिश्श्यात बहुधा काहीच नाही. समोर दिसतंय ते नेमकं हेच. मॅक्रेडी यांनी 1915 मध्ये ही संभाव्यतेची मांडणी केली. म्हणजे आकड्याची खरी माहिती ज्या नळ्या गप्प राहिल्या त्यांच्यात असते. पंधराच्या पंधरा पिवळ्या झाल्या तर तक्ता एवढंच म्हणू शकतो की 1600 पेक्षा जास्त.

म्हणूनच 49 ला काटेकोर मानायचं नाही. पाचच नळ्यांच्या आधारावर उभा असलेला हा आकडा आहे, खरी संख्या वीसही असू शकते आणि शंभराच्या वरही. मागच्या महिन्यात 33 होते आणि आता 49, म्हणून पाणी बिघडलं, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालेन. पण तक्त्याने ‘दोनपेक्षा कमी’ म्हटलं आणि पुढच्या वेळी 49 म्हटलं, तर हा फरक खरा आहे.

अजून काम संपलेलं नाही. वायू दिसला हा फक्त संशय, कारण पित्तक्षाराला न जुमानणारे दुसरे काही जंतूही वायू सोडतात. म्हणून प्रत्येक दोषी नळीतला थेंब तारेच्या फाशाने उचलून ब्रिलियंट ग्रीन द्रवात घालतात आणि पुन्हा वायूची वाट पाहतात. दुसरा थेंब 44 अंशांना उबवतात. हा ताप मातीतल्या बहुतेक कोलिफॉर्मना झेपत नाही, आतड्यातल्या ई. कोलायला झेपतो. त्यातही इंडोलची चाचणी करून वर लाल कडं आलं तर ई. कोलाय पक्का. आपल्या नमुन्यातल्या सातही नळ्यांत कोलिफॉर्म पक्के झाले, आणि मोठ्या मापाच्या चार नळ्यांत ई. कोलाय. लिहायचं 4-0-0, म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे 13. भारतीय मानक आयएस 10500 सांगतं की शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळताच कामा नये. तिथे 13 आणि 130 यांच्यात निकालाच्या दृष्टीने फरक नाही.

आता तिन्ही नमुने शेजारी ठेवू. विहीर 5-4-0, म्हणजे 130. टाकीतून निघणारं पाणी 0-0-0, म्हणजे दोनपेक्षा कमी. टोकाचा नळ 49. विहीर घाण आहे, पण टाकीतल्या टीसीएल पावडरीने ती घाण आटोक्यात आणली होती. पाणी टाकीत शुद्ध झालं आणि वाटेत पुन्हा नासलं. वाटेत काय आहे? गटाराखालून जाणारी जुनी जोडणी, गळती असलेली. पाणी बंद झालं की रिकामी होणारी पाइपलाइन हवेबरोबर बाहेरचं गटारपाणीही आत ओढते. सकाळी नळ सुरू होतो तेव्हा तेच आधी येतं. फक्त विहिरीचा नमुना घेतला असता तर पंचायतीने पावडर वाढवली असती आणि गटार तसंच राहिलं असतं.

या पद्धतीचं एक दुखणं मात्र मान्य केलं पाहिजे. सोमवारी नमुना घेतला तर पक्का निकाल यायला शुक्रवार उजाडतो, आणि सोमवारचं पाणी गावाने सोमवारीच पिऊन संपवलेलं असतं. शून्य आलं तरी सगळं आलबेल नसतं: जिआर्डियासारख्या परजीवींची कोष्ठे कोलिफॉर्मपेक्षा क्लोरीनला जास्त टिकाव धरतात, आणि नायट्रेट किंवा फ्लोराइड तर या नळ्यांना कळतच नाही. रोजच्या रोज जे कळायला हवं त्यासाठी ओटीची चाचणी आहे. टोकाच्या घरच्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेला हवा. आपल्या गावात त्या सोमवारी शेवटच्या नळाचं पाणी पांढरंच राहिलं होतं. पाच मिनिटांत जे दिसलं, ते पंधरा नळ्यांनी चार दिवसांनी पक्कं केलं. पण घाण विष्ठेचीच आहे आणि ती टाकीनंतर शिरली, हे सांगायला त्या नळ्याच लागल्या.

तुमच्या गावाचा पुढचा अहवाल हाती येईल तेव्हा आकड्याआधी एक ओळ वाचा: नमुना कुठून घेतला. ‘गावातील विहीर’ किंवा ‘टाकी’ एवढंच लिहिलेलं असेल, तर टोकाच्या नळाचा अहवाल मागा. आणि जोडणी दुरुस्त झाल्यावर, पाइपलाइन टीसीएलच्या पाण्याने धुऊन घेऊन, त्याच नळाचा नमुना पुन्हा पाठवायला सांगा.