‘त्यांनी’ म्हणजे नेमके कोणी?

एका दिवाळी अंकासाठी आलेला लेख तपासत होते. आठवणींचा लेख, विषय जिव्हाळ्याचा, भाषाही साधी. तिसऱ्या पानावर हा मजकूर आला आणि मी अडले:

‘आजोबांनी काकांना पत्र लिहिले. त्यांनी ते त्यांच्या कपाटात ठेवले. त्यानंतर त्यांनी त्यांना त्याबद्दल विचारले. तथापि त्यांनी उत्तर दिले नाही.’

पत्र कपाटात कोणी ठेवले? कपाट कोणाचे? शेवटी गप्प कोण राहिले? लेखकांना फोन केला, तर ते म्हणाले, “काकांनी ठेवलं हो, न वाचताच. आजोबा स्वतःचंच पत्र कशाला कपाटात ठेवतील?” त्यांच्या डोळ्यांसमोर ते घर होते, कपाट होते, दोन्ही माणसे होती. वाचकासमोर फक्त तीन वेळा आलेले ‘त्यांनी’ होते. व्याकरणाची चूक मात्र एकही नव्हती.

ही अडचण मराठीत जास्त येते, आणि त्याला कारण आहे. आदर दाखवायचा म्हणून आपण एका माणसासाठीही अनेकवचन वापरतो. ‘ते आले’, ‘त्या आल्या’ इथपर्यंत ठीक असते, पुरुष की स्त्री ते कळते. पण ‘ने’चे अनेकवचन ‘नी’ लागले की दोघांचेही ‘त्यांनी’ होते. ‘मुख्याध्यापकांनी ग्रंथपालबाईंना बोलावले. त्यांनी यादी दिली.’ इथे क्रियापदाकडून मदत मिळेल म्हणावे, तर प्रयोग कर्मणी. ‘दिली’ हे रूप यादीच्या लिंगाप्रमाणे चालते, देणाऱ्याच्या नव्हे. म्हणजे सर्वनाम मुके आणि क्रियापदही मुके. शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग ओळखायला शिकवतात. पण कर्मणीत कर्त्याची खूण क्रियापदावरून पुसली जाते आणि लिहिणाऱ्याने ती दुसरीकडून पुरवावी लागते, हे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

ती पुरवायची कशी? एक वाट क्रियापदातच आहे. भूतकाळातही ‘ने’ न घेणारी काही क्रियापदे मराठीत आहेत: म्हणणे, बोलणे, विसरणे, शिकणे, भेटणे. ‘त्यांनी सांगितले’ यात बोलणारे कोण ते कळत नाही, ‘त्या म्हणाल्या’ यात कळते. तशीच येण्याजाण्याची क्रियापदे: ‘त्या यादी घेऊन आल्या’ असे लिहिले की ग्रंथपालबाई आपसूक दिसतात. मुलाखती लिहिणाऱ्यांनी हा फरक जरूर वापरून पाहावा. दोन आदरणीय माणसे एका परिच्छेदात असतील तिथे ‘सांगितले’ आणि ‘म्हणाल्या’ यांतली निवड नुसत्या चवीची राहत नाही.

दुसरी वाट ‘आपला’ या शब्दाची. ‘काकांनी पत्र आपल्या कपाटात ठेवले’ म्हटले की कपाट काकांचे, कारण तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना ‘आपला’ वाक्याच्या कर्त्याकडे वळतो. ‘त्यांच्या कपाटात’ म्हटले की वाचक दुसरे कोणीतरी शोधू लागतो. इतके नेमके साधन हाताशी असताना हल्ली जिकडेतिकडे ‘त्याच्या’, ‘तिच्या’, ‘त्यांच्या’ असे लिहिलेले दिसते. ‘त्याने त्याच्या आईला फोन केला’ हे वाक्य मला दर वेळी थांबवते. मित्राच्या आईला केला की काय? एक सावधगिरी मात्र हवी. ‘आपला’ म्हणजे ‘तुमचा-आमचा’ही होतो. ‘मंत्र्यांनी आपल्या गावाला भेट दिली’ यातले गाव मंत्र्यांचे की वाचकाचे? तिथे ‘स्वतःच्या’ लिहावे.

तिसरी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी: नाम पुन्हा लिहायचे. त्या लेखाचा तुकडा शेवटी असा झाला:

‘आजोबांनी काकांना पत्र लिहिले. काकांनी ते न उघडताच आपल्या कपाटात ठेवून दिले. दिवाळीला आजोबांनी विचारले, तर काका नुसते खाली बघत राहिले.’

‘काका’ तीनदा आले, पण वाचताना कोणाला खटकत नाही. ‘ते’ एकदाच आले आणि त्याला पत्राखेरीज दुसरा धनी नाही. तिसऱ्या वाक्यात ‘काकांना’ आणि ‘पत्राबद्दल’ हे दोन्ही गाळले, कारण आजोबांनी विचारण्याजोगे माणूस एकच उरले होते आणि विषयही एकच. ‘तथापि’ गेला, त्याचे काम ‘तर’ने केले.

पुनरुक्ती टाळा, हा शाळेतला उपदेश लोकांच्या मनात इतका खोल गेला आहे की नाम परत लिहिताना हात कचरतो. मग पर्याय शोधले जातात. ‘बिबट्या विहिरीत पडला. वन्यप्राण्याला पाहायला गर्दी जमली. श्वापदाला बाहेर काढायला चार तास लागले.’ या बातमीत प्राणी किती? लिहिणाऱ्याच्या मते एक, पण नवे नाव आले की वाचक क्षणभर नवी वस्तू धरतो. दुसऱ्या वाक्यात ‘त्याला’ आणि तिसऱ्यात पुन्हा ‘बिबट्याला’ म्हटले असते तर काही बिघडले नसते. जमिनीच्या खरेदीखतात तर सर्वनामावर मुळीच भिस्त ठेवत नाहीत. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे दोन शब्द ओळीओळीला येतात. वाचायला ते रुक्ष वाटते, पण जमीन कोणी विकली आणि कोणी घेतली याबद्दल शंका राहत नाही.

गाळण्याचा विषय निघालाच आहे, तर पाणिनीची आठवण येते. अष्टाध्यायीत एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत पुन्हा लिहीत नाहीत, तो तिथे आहे असे धरून वाचायचे. याला अनुवृत्ती म्हणतात. त्यामुळे सूत्रे विलक्षण आटोपशीर झाली, पण कोणता शब्द कुठवर चालत येतो हे सांगायला टीकाकार लागले. आपल्या वाचकाजवळ टीकाकार बसलेला नसतो. तरी मराठीत गाळण्याची सोय मोठी आहे. ‘आली. चपला काढल्या. माठातले पाणी प्यायली.’ कर्ता कुठेही नाही आणि अडतही नाही, कारण पहिल्या आणि शेवटच्या क्रियापदाने ती सांगितली आहे. मधल्या ‘काढल्या’ला दोन्ही बाजूंनी आधार मिळाला.

आता जोडशब्दांकडे वळते, कारण ‘ओघ’ म्हटला की पुष्कळांना तेवढेच सुचतात. हॅलिडे आणि हसन यांनी 1976 साली इंग्रजीतल्या वाक्यांच्या जोडणीवर जे पुस्तक लिहिले, त्यात जोडणीचे पाच प्रकार मांडले. जोडशब्द हा त्यांतला फक्त एक. आपल्याकडे मात्र लेख ‘जोडायला’ बसले की त्यामुळे, तसेच, परंतु, परिणामी यांचीच पेरणी होते. एक नमुना पाहा:

‘कोकणात पावसाआधी राब भाजतात. तसेच खाचरात रोपे लावली जातात. परंतु त्याआधी रोपे तयार करावी लागतात. म्हणून जमीन भाजणे आवश्यक असते.’

पहिल्यानंतरच्या प्रत्येक वाक्याला जोडशब्द आहे आणि तरी काहीच जोडलेले नाही. ‘तसेच’ने दोन कामे शेजारी ठेवली, पण ती शेजारची नाहीत, एकामागून एक होणारी आहेत. ‘परंतु’ला विरोध सापडत नाही. अशा वेळी जोडशब्द बोटाने झाकून वाचावे. अर्थ कळत असेल तर त्यांची गरज नव्हती. कळत नसेल तर वाक्यांचा क्रम चुकला आहे, आणि क्रम चुकल्यावर जोडशब्द तो सावरू शकत नाही. हाच मजकूर क्रमाने लावू:

‘कोकणात पावसाआधी राब भाजतात, म्हणजे शेताच्या एका तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. पाऊस सुरू झाला की या भाजलेल्या तुकड्यात भात पेरतात. तीनेक आठवड्यांत रोपे उपटण्याजोगी होतात आणि त्यांच्या मुठी बांधतात. त्या मुठी खाचरात नेल्या की लावणी सुरू.’

पहिल्या वाक्याच्या शेवटी जाळलेला तुकडा आला, दुसऱ्यात पेरणी त्यावरच झाली. भात पेरला म्हटल्यावर ‘रोपे’ अनोळखी वाटत नाहीत. तिसऱ्याच्या शेवटी मुठी आल्या, चौथे त्यांच्यापासून सुरू झाले. वाचकाला आधी ठाऊक असलेले हाती द्यायचे आणि मग नवे, अशी ही चाल आहे. चेक भाषाशास्त्रज्ञ दानेश यांनी मजकुरात विषय पुढे कसा सरकतो याचे प्रकार दाखवले, त्यांत हा साखळीचा प्रकार पहिलाच. मराठीला तो सोयीचा पडतो. आपले शब्द जागा बदलू शकतात, त्यामुळे ओळखीचे पद सुरुवातीला आणून नवे पद क्रियापदाच्या जवळ ठेवता येते. सलग साखळीच लावली तर मात्र वाचन दोरीवरच्या गाठी मोजल्यासारखे होते. चारपाच वाक्यांनंतर ती मोडून सरळ नव्या बाबीला हात घालावा.

जोडायचेच असेल तर मराठीतली खरी बारीक साधने वाक्याच्या तोंडाशी नसतात, शब्दांच्या पाठीला चिकटलेली असतात: ही, च, तर, मात्र. ‘सगळे निघाले. परंतु आई थांबली.’ यात ‘परंतु’ आईच्या आधीच येऊन विरोध जाहीर करतो. ‘सगळे निघाले. आई मात्र थांबली.’ यात विरोध नेमका आईवर बसतो. अलीकडे ‘मात्र’ लिहून स्वल्पविराम द्यायचा आणि पुढे वाक्य चालू करायचे, असा प्रघात पडतो आहे. माझ्यापुढे तसा मजकूर आला तर मी ‘मात्र’ उचलून त्याच्या नामामागे ठेवते. बहुतेक वेळा त्याचे नाम कोणते हे शोधतानाच कळते की लेखकाला विरोध कशाचा दाखवायचा होता ते त्याने ठरवलेले नाही. ‘ही’चेही तसेच. ‘तिनेही पुस्तक वाचले’ या वाक्याआधी दुसऱ्या कोणीतरी वाचलेले हवे. ‘तिने पुस्तकही वाचले’ याआधी तिने आणखी काहीतरी केलेले हवे. एका अक्षराची जागा मागचे वाक्य ठरवते.

दोन परिच्छेदांमधला सांधा याहून अवघड, कारण तिथे मागे बोट दाखवायला एक नाम पुरत नाही, सगळी हकिकत पुरी व्हावी लागते. समजा, एक परिच्छेद सांगतो की धरणातून सुटलेले पाणी कालव्याच्या फुटलेल्या अस्तरातून झिरपते, वाटेत मोटारी लावून उपसले जाते आणि शेवटच्या शेतापर्यंत निम्मेही पोचत नाही. पुढचा परिच्छेद ‘यामुळे शेतकरी नाराज आहेत’ असा सुरू होतो. ‘यामुळे’ म्हणजे कशामुळे? झिरपण्यामुळे, उपशामुळे, की दोन्हींमुळे? ‘हे’, ‘यामुळे’, ‘असे’ हे शब्द उघडे सोडले की सगळा मागचा परिच्छेद वाचकाच्या डोक्यावर येतो. त्यांना नाम जोडावे: ‘ही गळती’, ‘हा उपसा’, ‘ही तूट’. नाम निवडताना लेखकाला आपले मतही ठरवावे लागते. ‘ही गळती’ म्हटले तर दोष अस्तराचा, ‘ही चोरी’ म्हटले तर मोटारी लावणाऱ्यांचा, आणि ‘ही तूट’ म्हटले तर अजून कोणाचाच नाही. मागच्या परिच्छेदात चोरी सिद्ध झाली नसेल तर पुढच्याच्या पहिल्या शब्दात ती शिरता कामा नये.

तपासताना मी एवढेच करते. तांबडे पेन घेऊन प्रत्येक ते, त्या, त्यांनी, हे, यामुळे याला गोल करते आणि तिथून मागच्या नामाकडे बाण काढते. बाण वाटेत त्याच वचनाचे दुसरे माणूस ओलांडत असेल, तर तिथे नाम पुन्हा लिहायचे. बाण कुठे टेकवावा हेच कळत नसेल, तर लेखकाला फोन. आजोबांच्या त्या लेखात असे अकरा गोल निघाले, आणि अकराव्याशी कळले की पत्र काकांनी पुढे कधीच उघडले नव्हते, हे लेखकांनी लिहायचेच राहिले होते.