कलिंगडाचे गणित आणि कोडिंग क्लबचे निमंत्रण

कोडिंग क्लबचा प्रमुख पहिल्या वर्षाच्या वर्गात जे निमंत्रणाचे भाषण करतो, ते तीन-चार मिनिटांचे असते. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कॅपच्या फेऱ्या उरकून एफईचे वर्ग नियमित भरू लागले की त्याची वेळ येते. दोन तासिकांच्या मध्ये, वर्गावर येणाऱ्या प्राध्यापकांची परवानगी घेऊन टीई किंवा बीईचा विद्यार्थी फळ्यापाशी उभा राहतो. समोरच्या निम्म्या मुलांनी बारावीपर्यंत एक ओळही कोड लिहिलेला नसतो. उरलेल्यांपैकी काहींना सगळे येते असे वाटत असते. आठवड्याच्या सरावाला या दोघांनाही आणायचे असते.

बहुतेक भाषणे पॅकेजच्या आकड्यांनी सुरू होतात आणि तिथेच फसतात. आकडे ऐकून पहिल्या आठवड्याला लॅब भरते. मात्र सरावात नेमके काय करायचे हे कोणालाच कळलेले नसल्यामुळे पुढच्या आठवड्यांत ती ओसरत जाते. म्हणून जाणता प्रमुख वर्गातच एक प्रश्न सोडवून घेतो. त्यासाठी ‘कोडफोर्सेस’ या संकेतस्थळावरचा 2010 सालचा कलिंगडाचा प्रश्न सोयीचा आहे. त्याचा क्रमांक 4A. त्याची काठिण्यपातळी 800, म्हणजे तिथल्या मोजमापातली सर्वांत खालची.

प्रश्न असा आहे. दोन मित्रांनी w किलोचे कलिंगड घेतले. w ही 1 ते 100 मधली पूर्ण संख्या. त्याचे दोन भाग असे करायचे की प्रत्येक भागाचे वजन सम किलो भरेल. भाग सारखेच असले पाहिजेत असे नाही, पण प्रत्येकाला काहीतरी मिळालेच पाहिजे. हे जमत असेल तर `YES` छापायचे, नाहीतर `NO`.

“आठ किलो?” असे विचारले की वर्ग “हो” म्हणतो. “सात?” “नाही.” मग मागच्या बाकावरून कोणीतरी सांगून टाकते, “दादा, सम असेल तर हो, विषम असेल तर नाही.” प्रमुख तेच फळ्यावर लिहितो आणि विचारतो, “आणि दोन किलो?” दोनचे भाग होतात एक आणि एक, आणि दोन्ही विषम. दोन आणि शून्य म्हणावे, तर एका मित्राच्या हाती काहीच येत नाही. म्हणजे दोन सम असूनही उत्तर `NO`. वर्ग इथे क्षणभर थबकतो. भाषणात यापेक्षा परिणामकारक जागा दुसरी नाही.

दुसरी चूक हुशार मुलांची असते. ते कलिंगड मधोमध कापतात आणि निम्मे वजन सम आहे का ते पाहतात. म्हणजे w ला 4 ने भाग जातो का, एवढेच तपासतात. ही तपासणी आठला बरोबर उत्तर देते, दोनलाही देते, आणि सहाला चुकते. सहाचे निम्मे तीन, पण दोन आणि चार असे भाग सहज पडतात. समान भागांची अट प्रश्नात नव्हतीच, ती मुलांनी स्वतःच घातलेली असते. अभ्यासक्रमातली गणिते सोडवून आलेल्यांना अशी न दिलेली अट घालण्याची सवय चांगलीच जडलेली असते.

बरोबर उत्तर एवढेच आहे:

```c
#include <stdio.h>
int main() {
    int w;
    scanf("%d", &w);
    if (w % 2 == 0 && w > 2)
        printf("YES\n");
    else
        printf("NO\n");
    return 0;
}
```

यात एक गोष्ट नाही, आणि ती नसणे महत्त्वाचे आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम `Enter the number:` असे छापून सुरू होतो. संकेतस्थळावरचे परीक्षक यंत्र मात्र प्रोग्रॅमने छापलेले सगळे अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते, त्यामुळे ती सौजन्याची ओळ राहिली की निकाल लागतो `Wrong answer`. जुन्या टर्बो सीवर शिकलेल्यांचा `clrscr()` तर त्याही आधी, कंपाइल होतानाच अडतो. पहिल्या दिवशी “माझ्या मशीनवर तर चालतंय” ही तक्रार येते ती बहुधा या दोन कारणांनी. प्रमुखाने ती भाषणातच सांगून टाकली तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

दोन आणि सहा हे आकडे वर्गात प्रमुखाने सुचवलेले असतात. एकट्याने बसल्यावर ते कुठून आणायचे, हे साप्ताहिक सत्रात शिकायचे. त्याची सोपी रीत अशी: आधी अक्कल न चालवता, सगळ्या शक्यता तपासणारा प्रोग्रॅम लिहायचा.

```c
int ok = 0;
for (int a = 2; a < w; a += 2)
    if ((w - a) % 2 == 0) ok = 1;
```

पहिला भाग 2, 4, 6 असा वाढवत जायचा आणि उरलेला सम येतो का ते पाहायचे. मग 1 ते 100 पर्यंतच्या प्रत्येक वजनासाठी या प्रोग्रॅमचे उत्तर आणि आपल्या युक्तीचे उत्तर शेजारी-शेजारी ठेवायचे. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे युक्ती चुकली. ‘सम म्हणजे हो’ ही युक्ती दोनवर उघडी पडते, चारने भागण्याची युक्ती सहावर. या रीतीला मर्यादा आहे. w कितीही मोठा असू शकला असता तर सगळी वजने तपासून संपली नसती. तरीही ती सोडायची नसते, कारण चुका बहुतेक वेळा लहान आकड्यांतच सापडतात.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर स्पर्धेच्या नियमांत आहे. महाविद्यालयीन संघांच्या आयसीपीसी स्पर्धेत तिघांचा संघ, एकच संगणक आणि पाच तास असतात. उत्तर चुकले तर चुकले एवढेच कळते. कोणत्या आकड्यावर चुकले ते सांगितले जात नाही. प्रश्न शेवटी सुटला, तर त्याआधीच्या प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी 20 मिनिटांचा दंड संघाच्या वेळेत मिळवला जातो. त्यामुळे कीबोर्डपासून दूर, कागदावर आपलेच उत्तर पाडून पाहणारा सदस्य संघाला मोलाचा ठरतो. भाषणात हे सांगितले की “मला टायपिंग जमत नाही” म्हणून मागे राहिलेलेही कान टवकारतात.

सत्र साधारण दोन तासांचे ठेवतात. पहिला तास-दीड तास नव्या मुलांनी प्रश्नांशी झटायचे आणि सीनियरांनी फक्त आकडे सुचवायचे. उत्तर सांगायचे नाही आणि कीबोर्डला हात लावायचा नाही. हा नियम मोडला की सत्राचे व्याख्यान होते. उरलेल्या वेळात न सुटलेले प्रश्न फळ्यावर सोडवतात, आणि घरी जाऊन प्रत्येकाने ते स्वतः पुन्हा लिहायचे असतात. सत्रे बंद पडतात ती बहुधा प्रश्नांच्या निवडीमुळे. सीनियरांना रस वाटेल असा 1600 पातळीचा प्रश्न पहिल्याच दिवशी दिला तर एफईची मुले तासभर पडद्याकडे बघत बसतात आणि परत येत नाहीत. पहिले काही आठवडे 800 ते 1000 च्या वर जायचे नसते.

भाषणाच्या शेवटी वार, वेळ आणि लॅबचा क्रमांक फळ्यावर लिहायचा, आणि लॅपटॉप नसला तरी चालेल हे स्पष्ट सांगायचे. वही आणि पेन मात्र आणायलाच हवे.