चोवीस अचूक उत्तरांचा अर्थ

'संशोधनाने सिद्ध झाले आहे' हे वाक्य आपण वर्तमानपत्रांतून रोज वाचतो. परंतु सिद्ध झालेले प्रत्यक्षात कितपत सिद्ध असते? या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्या महाराष्ट्रातच घडलेला एक प्रयोग फार उपयोगी पडतो.

सन 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मपत्रिका मिळविण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतील चाळीस पत्रिका धाडून एकच प्रश्न विचारला गेला: ही पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची? सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांचे सरासरी यश 46 टक्के भरले. सर्वोत्तम ज्योतिषाची चाळीसपैकी 24 उत्तरे बरोबर आली. एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या. तिची 102 उत्तरे बरोबर निघाली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी निम्मी बरोबर आलीच असती.

आता क्षणभर अशी कल्पना करू की, हीच माहिती एखाद्या उतावीळ संशोधकाच्या हाती पडली. तो सव्वीस जणांना बाजूला सारतो आणि लिहितो, 'एका अनुभवी ज्योतिषाने साठ टक्के अचूक भाकिते केली.' या वाक्यात एकही आकडा खोटा नाही. तरी ते वाक्य फसवे आहे. का, ते पाहू.

निव्वळ नाणेफेकीने चाळीसपैकी 24 किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे 13 टक्के असते. म्हणजे एकच ज्योतिषी असता तर हे यश थोडे लक्षवेधी वाटले असते. पण नाणे उडविणारे सत्तावीस जण असतील, तर त्यांपैकी निदान एकाला एवढे यश मिळण्याची शक्यता 98 टक्के होते! तेव्हा 'सर्वोत्तम' माणूस सापडणे हे ज्ञानाचे लक्षण नसून गर्दीचे लक्षण आहे. निवडक निकाल छापण्याचा दोष तो हाच. वाचकाला 24 हा आकडा दिसतो, सत्तावीस हा दिसत नाही. आणि पुराव्याचे वजन तर त्या न दिसणाऱ्या आकड्यावरच अवलंबून असते.

संशोधनात साधारणतः असा संकेत आहे की, केवळ योगायोगाने असा किंवा याहून ठळक निकाल येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल, तर तो दखलपात्र मानावा. या शक्यतेला पी-मूल्य म्हणतात. चाळीस पत्रिकांच्या बाबतीत ही मर्यादा 26 अचूक उत्तरांवर येते. सत्तावीस नाणेफेकणाऱ्यांपैकी कोणीतरी तीही ओलांडण्याची शक्यता दोन-तृतीयांश आहे. या चाचणीत 28 ची अधिक कडक कसोटी मानली गेली.

आपला उतावीळ संशोधक एवढ्यावर थांबेलच असे नाही. सर्व ज्योतिषी जमले नाहीत तर तो फक्त व्यावसायिकांचे निकाल काढील. तेही जमले नाही तर फक्त मुलींच्या पत्रिका पाहील. मग दहा वर्षांहून अधिक अनुभव असलेले वेगळे काढील. प्रत्येक विभागणी म्हणजे नाणे उडविण्याची नवी संधी. मर्यादा ओलांडली की तो हिशेब थांबवितो आणि तेवढेच छापतो. यालाच पी-हॅकिंग म्हणतात. यात लबाडी असतेच असे नाही. प्रत्येक निवडीला त्या वेळी एक समंजस कारण सुचत असते. म्हणून तर स्वतःचा दोष स्वतःला दिसत नाही.

हा प्रश्न पत्रिकांपुरता राहता तर चिंता नव्हती. सन 2008 मध्येच अमेरिकेत नैराश्यावरील औषधांच्या 74 चाचण्यांचा मागोवा प्रसिद्ध झाला. सरकारी औषध-नियंत्रण कचेरीच्या मते त्यांतील 38 अनुकूल होत्या. त्यांपैकी 37 छापल्या गेल्या. उरलेल्या 36 पैकी 22 छापल्याच गेल्या नाहीत आणि 11 अनुकूल वाटाव्यात अशा रीतीने छापल्या गेल्या. नियतकालिके वाचणाऱ्या डॉक्टरला जवळजवळ प्रत्येक चाचणी यशस्वी दिसली. वस्तुतः यश निम्म्यांतच होते. अशा वाचनावर तो रोग्याला गोळ्या लिहून देतो.

पुणेकरांच्या चाचणीचे बळ कशात होते? प्रश्न, पत्रिकांची संख्या आणि बरोबर-चूक ठरविण्याची रीत ही उत्तरे हाती येण्यापूर्वी ठरली होती, आणि निकाल सर्वांचा सांगितला गेला. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंद सन 2009 पासून सक्तीची झाली, ती याच हेतूने. अर्थात, माहिती चाळून नवी शंका काढणे हा गुन्हा नव्हे. मात्र तिला शंकाच म्हणावे आणि नव्या माहितीवर पुन्हा पारखावे.

म्हणून यापुढे एखादा निकाल वाचताना 'किती बरोबर आले' याबरोबर 'एकूण किती वेळा करून पाहिले' हेही विचारावे. लेखात त्याचे उत्तर नसेल, तर 'सिद्ध झाले' हा शब्द सध्या उसनाच समजावा.