'तांत्रिक कारणास्तव' म्हणजे नेमकं काय?

काका ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या हातात माझंच पत्र होतं. चौघडी केलेलं, घड्यांवर मळलेलं. बहुतेक घरात बऱ्याच जणांनी वाचलं असावं. त्यांनी ते टेबलावर पसरून एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, एवढंच सांगा. तांत्रिक म्हणजे काय? पैसे कमी पडले की अर्ज चुकला?"

ती ओळ अशी होती : 'आपला बदल अर्ज तांत्रिक कारणास्तव नामंजूर करण्यात येत आहे. मंजूर नकाशाबाहेरील बदल करता येणार नाहीत.' खाली शिक्का आणि माझी सही.

बांधकाम चालू असलेल्या इमारतींत फ्लॅट घेणारे लोक बदल मागतात आणि त्या अर्जांना उत्तर देणं हे माझ्या कामातलं एक काम आहे. ओटा फिरवून द्या, बाल्कनीचं दार मोठं करा, इथे एक प्लग पॉइंट द्या. निम्म्याहून जास्त अर्ज सहज मान्य होतात. नकाराचं पत्र मात्र आम्ही साच्यातून काढत होतो. तारीख आणि फ्लॅट नंबर बदलला की पत्र तयार. काकांनी ते वाक्य माझ्यासमोर ठेवलं तेव्हा त्याचा अर्थ मलाही चटकन सांगता आला नाही. फाइल उघडून पाहावी लागली.

अर्ज साधा होता. पाचव्या मजल्यावरचा टू बीएचके. काकांची आई पंच्याऐंशी वर्षांची, वॉकर घेऊन चालते. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि तिच्या खोलीतून कॉमन बाथरूमला जायचं तर पॅसेजमधून वळसा पडतो. म्हणून तिच्या बेडरूमच्या कोपऱ्यात चार फूट बाय सहा फुटांचं टॉयलेट हवं होतं. सोबत पेन्सिलीने काढलेली आकृती होती आणि 'जादा खर्च देण्यास तयार आहे' असं लिहिलेलं होतं.

नकार बरोबरच होता. काय नडलं ते सांगते. कमोडच्या पाइपाचा व्यास 110 मिलिमीटर असतो. मैला वाहत राहावा म्हणून त्या आडव्या पाइपाला उतार द्यावा लागतो. आम्ही चाळीसास एक धरतो, म्हणजे चाळीस मीटरला एक मीटर. काकांनी दाखवलेला कोपरा बाथरूमच्या भिंतीपासून 2.8 मीटर लांब होता, म्हणजे उतारासाठीच 70 मिलिमीटर लागणार. 110 आणि 70 मिळून 180. त्यावर कमोडचा सांधा आणि फरशी धरली की 260 च्या घरात जातं. बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो, त्याला साइटवर 'संक' म्हणतात, आणि त्यात हे सगळं मावतं. बेडरूमखाली संक नसतो. तिथे स्लॅब आणि फरशी यांच्यात 75 मिलिमीटर जागा आहे. म्हणजे नवं टॉयलेट खोलीपेक्षा 185 मिलिमीटर, सात इंचांहून जास्त उंच झालं असतं. वॉकर घेऊन चालणाऱ्या आजींना रात्री तीन वाजता सात इंचांची पायरी!

पाइप स्लॅबखालून नेला तर पायरी टळते. पण मग तो चौथ्या मजल्यावरच्यांच्या बेडरूमच्या छताला लटकतो, आणि वाटेत बीम लागतो. त्या बीमला भोक पाडायला स्ट्रक्चरल कन्सल्टंटनी नकार दिला होता. त्यांचा शेरा फाइलमध्ये होता, प्लंबिंगवाल्यांचाही होता. माझ्या पत्रात दोन्हींतलं काही उतरलं नव्हतं. 'तांत्रिक कारणास्तव' या दोन शब्दांत आम्ही एवढा सगळा विचार गाडून टाकला होता, आणि काकांना वाटत होतं की कोणीतरी पैशांची वाट पाहतंय.

मी त्यांना म्हटलं, "काका, दोन दिवस द्या. पत्र नव्याने लिहून देते."

पहिला मसुदा फसला. या वेळी सगळं सांगायचंच, अशा हट्टाने मी पाच कारणं लिहिली : संक नाही, बीम आहे, खालच्या फ्लॅटला त्रास होईल, अर्ज उशिरा आला, मंजूर नकाशात बसत नाही. पाचही खरी होती. पण तेच पत्र काकांच्या जागी बसून वाचलं तेव्हा खोट लक्षात आली. 'अर्ज उशिरा आला' वाचून ते विनवणी करतील, थोडं थांबा म्हणतील. 'खालच्या फ्लॅटला त्रास' वाचून चौथ्या मजल्यावर जाऊन संमतिपत्र घेऊन येतील. आणि एवढी पायपीट करून आले तरी उत्तर नाहीच, कारण बीम जागचा हलणार नाही. ज्या कारणाचं निवारण करूनही निर्णय बदलत नाही, ते कारण पत्रात घालणं म्हणजे माणसाला बंद दाराकडे पाठवणं आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारते : ही अडचण दूर झाली तर मी मंजुरी देईन का? उत्तर 'नाही' असेल तर ते कारण गाळते. 'हो' असेल तर ती अट होते, आणि ती मोजता येईल अशा शब्दांत लिहावी लागते. जी अडचण कोणालाच दूर करता येत नाही, ते खरं कारण. ते एकटं असलं तरी पुरतं. काकांच्या बाबतीत ते उरलं : त्या कोपऱ्यात पाइपाला जागा नाही.

दुसरी गोष्ट फाइलमध्ये सापडली नाही, काकांशी बोलताना कळली. त्यांनी टॉयलेट मागितलं होतं, पण हवं होतं ते वेगळंच. आजींना पॅसेज न ओलांडता कमोडपर्यंत पोहोचता यायला हवं होतं. नकाशात पाहिलं तर कॉमन बाथरूमची एक भिंत आजींच्या खोलीला लागूनच होती. चार इंची ब्लॉकची भिंत, इमारतीचा भार न घेणारी. तिच्यात दार काढलं तर काम होतं. आमची इमारत अॅल्युमिनियम फॉर्मवर्कची, म्हणजे लोक ज्याला 'मिवान' म्हणतात तशी असती, तर हीच भिंत काँक्रीटची निघाली असती आणि हाही मार्ग बंद झाला असता.

दार म्हटलं की लोकांना किरकोळ काम वाटतं. पण रेरा कायद्याच्या कलम 14 मध्ये किरकोळ बदल कशाला म्हणायचं नाही, हे लिहिलेलं आहे, आणि त्यात भिंत किंवा पार्टिशन बांधणं, काढणं, कापणं हे सगळं येतं. म्हणून फ्लॅटधारकाची लेखी संमती आणि आर्किटेक्टची सुधारित आकृती लागणारच होती. हे आधी सांगितलं नसतं तर काकांना पुढे तिसरा हेलपाटा पडला असता.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं :

'बेडरूमच्या कोपऱ्यात टॉयलेट करून देण्याची आपली मागणी आम्ही मान्य करू शकत नाही. त्या कोपऱ्यापासून बाथरूमपर्यंत मैल्याचा पाइप फरशीखालून न्यायला सुमारे 260 मिमी खोली लागते. तिथे 75 मिमी आहे. फरशी उचलली तर टॉयलेटला सात इंचांहून उंच पायरी होईल, आणि पाइप स्लॅबखालून नेला तर बीम कापावा लागेल. बीम कापता येणार नाही. त्यामुळे या जागेसाठी पुन्हा अर्ज केला किंवा जादा खर्च दिला तरी निर्णय बदलणार नाही.

आपल्या आईंना खोलीतून थेट बाथरूममध्ये जाता यावं, ही गरज दुसऱ्या पद्धतीने भागू शकते. त्यांची खोली आणि कॉमन बाथरूम यांच्यामधल्या भिंतीत दार काढण्याचा अर्ज आपण केला, तर आम्ही आर्किटेक्टकडे त्याची शिफारस करू. त्यासाठी : दार भिंतीच्या मधल्या 1.1 मीटर भागातच असावं, कारण एका टोकाला कॉलम आहे आणि दुसऱ्या टोकाला शॉवरचे पाइप. सोबत आपली लेखी संमती हवी. अर्ज 5 जुलैच्या आत हवा, कारण त्यानंतर आपल्या मजल्यावर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग सुरू होईल. सुधारित आकृती आम्ही काढून घेऊ. अंतिम निर्णय आर्किटेक्टचा असेल. तो आपल्याला 15 दिवसांत कळवू.'

खाली माझं नाव आणि फोन नंबर. 'करण्यात येत आहे' कुठेही नाही. निर्णय कोणी घेतला हे त्या क्रियापदात दडून राहतं, आणि मग माणूस भांडायला किंवा विचारायला जाणार कोणाकडे?

यातल्या दोन शब्दांवर आमच्या ऑफिसात वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की 'मान्य करू शकत नाही' हे पहिल्याच वाक्यात फार कठोर वाटतं. आधी सहानुभूतीचे चार शब्द घाला. मी घातले नाहीत. गोड शब्दांनी सुरुवात झाली की वाचणारा नकार शोधत बसतो, आणि कधी कधी तो त्याला सापडतही नाही. दुसरा वाद 'शिफारस करू' वरून झाला. तिथे आधी 'सहानुभूतिपूर्वक विचार करता येईल' असं होतं. हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. वाचणारा ते होकार म्हणून वाचतो, लिहिणाऱ्याने मात्र कसलंच वचन दिलेलं नसतं. माझ्या अधिकारात शिफारस होती, तर तेवढीच लिहायची. मंजुरी माझ्या हातात नव्हती, तर तेही त्याच ओळीत सांगायचं.

तारखेचं कारणही मुद्दाम लिहिलं. नुसती '5 जुलै' दिली तर ती ऑफिसची मनमानी वाटते. वॉटरप्रूफिंगचा थर फरशीवर थांबत नाही, तो भिंतीवरही फूटभर चढवतात आणि मग दोन-तीन दिवस पाणी भरून गळती तपासतात. त्यानंतर भिंत कापली तर तो थर तुटतो आणि ओल खालच्या घरात उतरते. हे एकदा कळलं की माणूस मुदत वाढवून मागायला येत नाही.

काकांचा दुसरा अर्ज 28 जूनला आला. आर्किटेक्टनी एकच शंका काढली : उघडझाप होणारं दार बाथरूमच्या आत उघडलं तर वॉकर वळवायला जागा उरत नाही, आणि खोलीत उघडलं तर ते पलंगाला लागतं. म्हणून 900 मिलिमीटरचं सरकतं दार ठरलं. ते खोलीच्या बाजूने भिंतीवर सरकणार होतं आणि तिथे नेमका स्विचबोर्ड दाखवला होता. वायरिंगचे पाइप अजून भिंतीत गेले नव्हते, त्यामुळे बोर्ड दोन फूट पुढे घेतला, आजींच्या उशाशी, झोपल्या जागेवरून हात पोहोचेल असा.